लग्नानंतरचे फोटो: सामायिक अल्बम, परवानगी आणि मुदत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्न पार पडलं की पुढचे पंधरा दिवस घरात एकच विषय चालतो. कुणाकडे कुठले फोटो आहेत, कुणी अजून पाठवले नाहीत आणि कुणी न विचारता फेसबुकवर टाकून दिले. फोटो गोळा करायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्याकडे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे. सांगलीतलं कार्यालय, तीनशे पाहुणे, लग्न ७ डिसेंबर, रविवारी. एक ठरवलेला फोटोग्राफर आणि फोनवर फोटो काढणारे घरचे पंचवीसएक जण. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन, म्हणून अल्बम गूगल फोटोजचा. स्नेहसंमेलनासाठी थोडे बदल लागतात, ते प्रश्न १८ मध्ये आहेत.

१. फोटोग्राफरला पैसे दिलेत ना? मग हा वेगळा अल्बम कशाला?

फोटोग्राफर स्टेजभोवती असतो. अंतरपाट, सप्तपदी, कानपिळी, रांगेतले आहेराचे फोटो हे तो घेतोच. पण रुखवत मांडताना दोन मावश्यांची चाललेली वादावादी, बसमधलं वऱ्हाड, खोलीत गाद्यांवर आडवी झालेली मुलं, पंगतीत व्याह्यांना जिलबीचा आग्रह, हे सगळं पाहुण्यांच्या फोनमध्ये असतं. शिवाय फोटोग्राफरचे फोटो हातात यायला तीन-चार आठवडे सहज जातात आणि छापील अल्बमला त्याहून जास्त. तोवर घरच्यांचे फोटो फोनमधून पुसलेही गेलेले असतात.

२. व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की. तिथेच टाकले तर काय बिघडतं?

बघायला काही बिघडत नाही, छापायला बिघडतं. फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो पाच इंचांपर्यंत नीट छापून येतो. अल्बमच्या १८ इंची पानावर ताणला की चेहरे मेणासारखे दिसतात. एचडी पर्याय बरा, पण तोही फोटो दाबतोच.

दुसरं नुकसान लगेच कळत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की तो कधी काढला ही आतली नोंद पुसली जाते. मग अल्बममध्ये हळदीचा फोटो, ज्या दिवशी कुणी तो उतरवून घेतला त्या तारखेला जाऊन बसतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून आलाय का हे अँड्रॉइडवर नावावरून ओळखता येतं. `IMG-20251207-WA0012.jpg` अशा नावात `WA` दिसलं की तो मूळ फोटो नव्हे. ज्याने काढला त्याच्याकडून मागून घ्या. व्हॉट्सॲपशिवाय मार्गच नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट.

३. अल्बम कुणाच्या खात्यावर आणि कसा करायचा?

नवरा-नवरीच्या खात्यावर नको. त्यांना त्या आठवड्यात मुंडावळ्या सोडायलाही सवड नसते. लग्नासाठी मुद्दाम नवीन जीमेल खातंही काढू नका. अशी खाती वर्षभरात विस्मरणात जातात आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. रोज वापरातलं खातं असलेला एखादा चुलतभाऊ किंवा आतेबहीण निवडा. दुसऱ्या पक्षाकडचंही एक माणूस सोबत असू द्या. या दोघांना पुढे ‘सांभाळणारे’ म्हटलं आहे.

गूगल फोटोजमध्ये नवा अल्बम करा, शेअर करा आणि सेटिंग्जमध्ये `Collaborate` चालू ठेवा, नाहीतर लोकांना फोटो बघता येतील पण टाकता येणार नाहीत. फोटो कुठे काढला ते ठिकाण दाखवण्याचा पर्याय बंद करा. घरी झालेल्या हळदीच्या फोटोंबरोबर घराचा पत्ता फिरायला नको.

लिंक लग्नाच्या दोन दिवस आधी, म्हणजे शुक्रवारी ५ तारखेला, दोन्ही घरच्यांच्या ग्रुपवर जाऊ द्या. ज्याच्या हाती लिंक त्याला अल्बम दिसतो, हे लक्षात ठेवून ती पत्रिकेवर छापू नका. कार्यालयाच्या दारात क्यूआर कोड लावायची टूम सध्या आहे, पण दारातून केटररची माणसं, बँडवाले आणि पुढच्या लग्नाची पार्टीही जाते. लावायचाच तर वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोलीत लावा.

४. जागा किती लागेल? आणि ती कुणाची जाते?

पंचवीस जणांनी सरासरी ऐंशी फोटो टाकले तर दोन हजार फोटो होतात. एक फोटो साडेतीन एमबीचा धरला तर एकूण ७ जीबी. फोटोंनी कुणी बुडत नाही, व्हिडिओंनी बुडतात. फोरके व्हिडिओ मिनिटाला १७० ते ४०० एमबी घेतो. मंगलाष्टका दहा मिनिटं चालल्या आणि सहा जणांनी त्या पूर्ण टिपल्या, तर तेवढ्यानेच १० जीबी पार होतात. मंगलाष्टका, सप्तपदी असे लांब विधी फोटोग्राफरवर सोडा आणि घरच्यांना अर्ध्या मिनिटाच्या आतले व्हिडिओ टाकायला सांगा.

जागा जाते ती फोटो टाकणाऱ्याच्या खात्यातली, अल्बम करणाऱ्याच्या नव्हे. गूगलची फुकटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असते. ती भरली की फोटो चढत नाहीत आणि मेल येणंही थांबतं. काकूंना बँकेची मेल येईनाशी झाली तर कारण हेच असू शकतं. ज्यांची जागा संपत आली आहे त्यांनी प्रश्न ५ मधला दुसरा मार्ग धरावा. अल्बमची स्वतःची मर्यादा वीस हजार फोटो-व्हिडिओंची आहे, लग्नात ती गाठली जात नाही.

५. लिंक उघडते, फोटो दिसतात, पण टाकता येत नाहीत. काय करू?

बहुतेक वेळा लिंक व्हॉट्सॲपच्या आतच ब्राउझरमध्ये उघडलेली असते आणि तिथे तुम्ही गूगल खात्यात शिरलेले नसता. बघायला खातं लागत नाही, टाकायला लागतं. गूगल फोटोज ॲप उघडा, खालून किंवा वरून ‘शेअरिंग’मध्ये जा आणि अल्बममध्ये सामील व्हा. आयफोनवाल्यांना ॲप आधी उतरवून घ्यावं लागेल.

तरीही जमत नसेल, किंवा जागा नसेल, तर दुसरा मार्ग सोपा आहे. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेला सगळे पुन्हा एकत्र येतातच. सांभाळणाऱ्याने एका कोपऱ्यात चार्जर घेऊन बसावं आणि एकेकाच्या फोनमधून जवळच्या जवळ फोटो घेऊन नंतर आपल्या खात्यातून चढवावेत. मात्र कुणाची पूर्ण गॅलरी स्वतः चाळू नका. ज्याचा फोन त्यानेच फोटो निवडून द्यावेत.

६. मुदत किती द्यावी? तारखांसकट सांगा.

दहा दिवस. दोन दिवसांची मुदत दिली तर परगावचे पाहुणे अजून प्रवासात असतात, महिन्याची दिली तर कुणीच आज टाकत नाही. दहा दिवसांत प्रत्येकाला घरी परतल्यावर वायफायसकट एक पूर्ण शनिवार-रविवार मिळतो. आपल्या उदाहरणात असं होईल:

शुक्रवार ५ डिसेंबरला लिंक जाते. रविवारी ७ तारखेला लग्न. मंगळवारी ९ ला पूजेच्या दिवशी फोन गोळा करायचे आणि त्याच दिवशी नवरा-नवरी स्वतः पहिले दहा-बारा फोटो बाहेरच्यांसाठी मोकळे करतात (का, ते प्रश्न ९ मध्ये). शुक्रवारी १२ ला आठवण करायची. ती ग्रुपवर नव्हे, ज्यांनी टाकले नाहीत त्यांना एकेकट्याला करायची. ग्रुपवरची आठवण ही नेहमी दुसऱ्यासाठी आहे असंच वाटतं. बुधवार १७ ला रात्री फोटो टाकणं संपलं. शनिवार २० पर्यंत ‘हा फोटो नको’ हे सांगायची मुदत. रविवार २१ पासून बाकीचे निवडलेले फोटो बाहेर टाकायला मोकळे.

आक्षेपाची मुदत फोटोंच्या मुदतीनंतर तीन दिवसांनी ठेवणं महत्त्वाचं आहे. शेवटच्या रात्री चढवलेला फोटो ज्याचा आहे त्याला तो बघायला वेळ मिळायला हवा.

७. मुदत संपल्यावर फोटो सापडले तर?

घ्या. मुदत निवडीसाठी असते, दार लावायला नव्हे. फक्त ते थेट अल्बममध्ये न जाता सांभाळणाऱ्याकडे जावेत, म्हणजे आक्षेपाची तीन दिवसांची संधी न देता काही बाहेर पडणार नाही. एक तारीख मात्र ताणू नका. फोटोग्राफरने छापील अल्बमसाठी निवड मागितलेली असते, आणि पानं लागल्यावर फोटो बदलायचा म्हणजे पुन्हा डिझाइन, अनेकदा पुन्हा पैसे. पाहुण्यांचे फोटो छापील अल्बममध्ये घ्यायचे असतील तर ती तारीख फोटोग्राफरला विचारून सगळ्यांना आधीच सांगा.

८. अल्बममध्ये पाठवणी आधी आणि हळद नंतर दिसते. असं का?

कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय. फोनची वेळ आपोआप बरोबर होते, कॅमेऱ्याची हाताने लावावी लागते. ओळखायला सोपं आहे. एकाच माणसाने टाकलेले सगळे फोटो सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर घड्याळ. अंतर बघितलं की कारणही कळतं. बरोबर बारा तास असेल तर सकाळ-संध्याकाळ उलटं लागलंय. साडेतेरा तास मागे असेल तर कॅलिफोर्नियाहून आलेल्या मामेभावाचा कॅमेरा अजून तिथल्याच वेळेवर आहे, डिसेंबरात तिथलं घड्याळ आपल्यामागे तेवढंच असतं.

दुरुस्ती ज्याचे फोटो त्यानेच, संगणकावर गूगल फोटोज उघडून करायची. सगळे फोटो एकदम निवडले की वेळ सारख्या अंतराने सरकवता येते. फोटो पुढेमागे विखुरलेले असतील आणि सगळे एकाच दिवसाचे दिसत असतील, तर घड्याळाचा दोष नाही, ते व्हॉट्सॲपवरून आलेत (प्रश्न २).

९. मी फोटो अल्बममध्ये टाकला, कुणी हरकत घेतली नाही. म्हणजे तो फेसबुकवर टाकायला चालेल ना?

नाही. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. अल्बममध्ये फोटो असणं म्हणजे घरच्यांनी बघणं. तो फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर जाणं म्हणजे ऑफिसातल्यांनी, शेजाऱ्यांनी, जुन्या ओळखीच्यांनी बघणं. पहिल्याला दिलेला होकार दुसऱ्याला लागू होत नाही.

म्हणून दोन अल्बम करा. एकात सगळं. दुसरा छोटा, तीस-चाळीस फोटोंचा, त्याचं नावच ‘बाहेर टाकायला चालतील’. त्यात फोटो फक्त सांभाळणारे घालतील, तिथे `Collaborate` बंद. नियम एकच: बाहेर टाकायचं ते या दुसऱ्या अल्बममधून. मग कुणाला प्रत्येक वेळी विचारत बसावं लागत नाही, आणि ‘मला माहीतच नव्हतं’ ही सबबही उरत नाही.

पहिले दहा-बारा फोटो तिसऱ्याच दिवशी त्यात घालायचे, कारण लोक दोन आठवडे थांबत नाहीत. हातात चांगलं काही दिलं नाही तर हाताला लागेल ते टाकतात. आणि नवरा-नवरीने स्वतःचा पहिला फोटो टाकेपर्यंत बाकीच्यांनी थांबावं, एवढं मात्र स्पष्ट सांगा. लग्न ज्यांचं, पहिली बातमी त्यांनी द्यावी.

लिंकसोबत असा निरोप चालेल:

> नमस्कार. लग्नातले तुमचे फोटो खालच्या अल्बममध्ये १७ डिसेंबरपर्यंत टाका. हा अल्बम फक्त आपल्या घरच्यांसाठी आहे, लिंक पुढे पाठवू नका. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्टेटसवर टाकायला ‘बाहेर टाकायला चालतील’ हा वेगळा अल्बम आहे, फोटो तिथूनच घ्या. आपला किंवा आपल्या मुलांचा एखादा फोटो नको असेल तर २० तारखेपर्यंत मला एकट्याला कळवा. कारण विचारणार नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. कारण द्यावं लागेल या भीतीने बरेच जण गप्प बसतात आणि नंतर वर्षभर धुसफुसतात.

१०. तीनशे जणांना परवानगी कशी विचारणार?

विचारायचं नाही, निवड तशी करायची. बाहेर जाणाऱ्या चाळीस फोटोंमध्ये ओळखू येतील असे चेहरे मोजले तर ते पन्नास-साठ भरतात, त्यातले निम्मे घरचेच. अक्षता टाकणाऱ्या गर्दीचा लांबून घेतलेला फोटो असेल तर वेगळं विचारायची गरज नाही. एक-दोन चेहरेच समोर असतील तर विचारायचं.

विचारताना फोटो दाखवून विचारा. ‘फोटो टाकू का?’ याला आजी हो म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर स्टेजवरचा नऊवारीतला फोटो असतो. तुमच्या हातात मात्र त्या खुर्चीत पेंगताना काढलेला असतो.

काही जणांना न विचारताच बाजूला ठेवा. सैन्यात किंवा पोलिसात असलेले नातेवाईक, ज्यांचा कोर्टात वाद चालू आहे असे, आणि ऑफिसात आजारपणाची रजा टाकून आलेला तो एक मावसभाऊ. ही यादी सांभाळणाऱ्या दोघांजवळच राहावी, ग्रुपवर लिहू नये.

११. लहान मुलांच्या फोटोंना कुणाची परवानगी?

आई-वडील दोघांची. आजी-आजोबांची पुरत नाही, आणि हे आजी-आजोबांनाच आधी सांगावं लागतं, कारण नातवंडांचे फोटो सगळ्यात आधी त्यांच्याच स्टेटसवर दिसतात. बाहेर टाकताना मुलाचं पूर्ण नाव, शाळेचं नाव लिहू नका. आंघोळीचे, कपडे बदलतानाचे फोटो घरच्या अल्बममध्येही नकोत. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर त्यालाही विचारा. करवली म्हणून मिरवलेल्या मुलीला तिचा रडका फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेलेला चालत नाही.

१२. सगळ्यांची परवानगी असली तरी बाहेर जाऊ नयेत असे फोटो कोणते?

आहेराची वही. कौतुकाने काढलेल्या फोटोत कुणी किती दिले ते नावासकट वाचता येतं. तसंच दागिन्यांचं ताट आणि रुखवतातल्या सोन्याचे जवळून घेतलेले फोटो. तेही सगळं घर कार्यालयात असताना ‘लाइव्ह’ टाकलेले, म्हणजे घर बंद असल्याची जाहिरातच. पत्रिकेच्या फोटोत दोन्ही घरांचे पत्ते आणि मोबाइल नंबर असतात, ते झाका.

हळदीत भिजलेल्या कपड्यांतले, नाचताना साडी सरकलेले फोटो घरच्या अल्बममधूनही काढून ज्याचे त्याला द्यावेत. पाठवणीत रडतानाचा फोटो नवरीने स्वतः म्हटलं तरच.

१३. फोटोग्राफरने आमचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर टाकले. त्याला तो हक्क आहे का?

तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ते ठरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, फोटो काढायला सांगणारा असतो. म्हणजे लेखी काहीच नसेल तर बाजू तुमची. पण अनेक फोटोग्राफरांच्या कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क आमच्याकडे’ अशी ओळ असते आणि आगाऊ रक्कम देताना ती कुणी वाचत नाही.

आगाऊ देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: आमच्या संमतीशिवाय फोटो-व्हिडिओ प्रसिद्ध करू नयेत, आणि केल्यास आधी दाखवावेत. बरेच जण त्यासाठी थोडे पैसे वाढवून मागतात, नवीन फोटोग्राफर तर हमखास, कारण पुढची कामं त्यांना तिथूनच मिळतात. मधला तोडगा म्हणून पाच-सहा फोटो तुम्हीच निवडून द्या. त्यात पाहुण्यांचे चेहरे नसावेत, त्यांच्या वतीने तुम्ही होकार देऊ शकत नाही.

१४. मग पाहुण्याने त्याच्या फोनवर काढलेला फोटो कुणाचा?

ज्याने काढला त्याचा. त्याला कुणी पैसे देऊन बोलावलेलं नव्हतं. म्हणून छापील अल्बममध्ये घेताना त्याला एका शब्दाने विचारा. पण फोटो त्याचा असला तरी त्यातला चेहरा त्याचा नाही, आणि बाहेर टाकताना प्रश्न ९ चा नियम त्यालाही लागू.

१५. कायदा काय म्हणतो? तक्रार करता येते का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीचा निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापर वगळलेला आहे, त्यामुळे घरच्या अल्बमला तो लागत नाही. धंदा म्हणून फोटो सांभाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र त्याच्या संमतीविना टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तिथे नात्यागोत्याचा विचार न करता पोलिसात जावं. या दोन टोकांच्या मधलं जे काही आहे, म्हणजे वाईट दिसणारा, न विचारता टाकलेला फोटो, ते घरातच मिटतं.

१६. आधी हो म्हटलं होतं, आता तो फोटो नको आहे.

तर तो निघाला पाहिजे, त्याच दिवशी. सांभाळणारा दोन्ही अल्बममधून काढेल. ज्यांनी आधीच टाकलाय त्यांना एकेकट्याला फोन करावा, ग्रुपवर ‘तो फोटो काढा’ लिहिलं की न पाहिलेलेही शोधून बघतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो साधारण अडीच दिवसांच्या आत सगळ्यांकडून पुसता येतो, त्यानंतर नाही. ज्याने तोवर जतन केला त्याच्या गॅलरीत तो राहतोच. म्हणून ‘पूर्ण नाहीसा होईल’ असं वचन कुणालाही देऊ नका.

ग्रुप फोटोत एकालाच नको असेल तर? घरच्या अल्बममध्ये तो फोटो राहू द्या, बाहेर दुसरा निवडा. चाळीस जणांचा फोटो सहसा एकच नसतो, आठ-दहा घेतलेले असतात.

१७. मी फोनमधली जागा रिकामी केली आणि अल्बममधले फोटो गेले! परत मिळतील?

गूगल फोटोज ॲपमधून फोटो पुसला की तो तुमच्या खात्यातून जातो आणि सामायिक अल्बममधूनही. साठ दिवस तो कचरापेटीत असतो, तिथून परत घ्या. फोन हलका करायचा असेल तर पुसू नका, ॲपमधलाच ‘या डिव्हाइसवरची जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा.

असाच दुसरा सापळा म्हणजे अल्बममधून बाहेर पडणं. नोटिफिकेशनचा कंटाळा येऊन कुणी अल्बम सोडला की त्याने टाकलेले फोटोही त्याच्याबरोबर जातात. अल्बमच्या मालकाने शेअरिंगच बंद केलं तरी इतरांनी टाकलेलं सगळं निघून जातं. म्हणून मुदतीनंतर शेअरिंग नव्हे, फक्त `Collaborate` बंद करायचं.

यावर खरा उपाय एकच. १८ तारखेला, म्हणजे मुदतीच्या दुसऱ्या दिवशी, सांभाळणाऱ्याने संगणकावरून पूर्ण अल्बम उतरवून दोन हार्ड डिस्कवर ठेवावा, एक माहेरी आणि एक सासरी. महिन्याभराने त्यात उशिराचे आणि फोटोग्राफरचे फोटो घालावेत. ते झालं की लिंक बंद केली तरी चालते, उलट केलेलीच बरी. वर्षभर उघडी राहिलेली लिंक कुठवर पोचली हे कुणाला सांगता येत नाही.

१८. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हेच नियम चालतील?

मुदत आणि दोन अल्बम, हो. फरक असा की इथे यजमान घर नाही, त्यामुळे ‘घरच्यांनी बघावं’ ही हद्दही आपोआप ठरलेली नाही. तीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्रांपैकी निम्म्यांची एकमेकांशी आज ओळखही नसते. नावनोंदणीच्या फॉर्मवरच एक ओळ घाला: फोटो बाहेर टाकलेले चालतील, फक्त ग्रुपपुरते, किंवा नकोत. ‘नको’ म्हणणाऱ्यांना ग्रुप फोटोत कडेला उभं करा, कापायला सोपं जातं. रात्रीच्या पार्टीचे फोटो वेगळे ठेवा आणि बाहेर मुळीच नकोत. जुन्या वर्गाचा काळा-पांढरा फोटो टाकतानाही त्यावर सगळ्यांची नावं लिहायचा मोह आवरा, काहींनी ती नावं बदललेली असतात.

१९. फोटोग्राफरने लिंक दिली आहे. सेल्फी काढून टाकली की आपापले फोटो मिळतात. द्यावी का पाहुण्यांना?

सोयीची आहे, हजारो फोटो चाळावे लागत नाहीत. देण्याआधी फोटोग्राफरला दोन गोष्टी विचारा. सेल्फी किती दिवस ठेवली जाते आणि लिंक कधी बंद होते? उत्तर देता आलं नाही तर लिंक देऊ नका. आणि स्वतः एक प्रयोग करा. तुमच्या बहिणीचा छापील फोटो कॅमेऱ्यासमोर धरून बघा. तिचे फोटो उघडले, तर कुणालाही कुणाचेही उघडतील.

२०. फोटोतलं माणूस आता हयात नाही, किंवा लग्नच मोडलं. अल्बमचं काय करायचं?

माणूस गेलं असेल तर घरच्या अल्बममधलं काही काढू नका. लग्नातला त्यांचा हसरा फोटो हाच पुष्कळदा शेवटचा चांगला फोटो असतो आणि तेराव्याच्या आत तो मागायला कुणीतरी येतंच, तेव्हा मूळ फाइल द्यायची, व्हॉट्सॲपवरची नव्हे. बाहेर टाकलेल्या फोटोंचं काय करायचं ते जोडीदाराने किंवा मुलांनी ठरवावं.

लग्न मोडलं असेल तर ‘बाहेर टाकायला चालतील’ हा अल्बम त्याच आठवड्यात बंद करा आणि नातेवाइकांना आपापल्या पोस्ट काढायला सांगा. हे दोन्ही पक्षांच्या सांभाळणाऱ्यांनी आपापल्या बाजूला सांगायचं. मोठा अल्बम मात्र पुसू नका. त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे, मुलांचे, वर्षानुवर्षं न भेटलेल्या भावंडांचे फोटो असतात. जोडप्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून हार्ड डिस्कवर ठेवा, उरलेले ज्याचे त्याला द्या आणि लिंक बंद करा. कोर्टात प्रकरण असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एकही फोटो पुसू नका.